चाळीस सेंटिमीटरचा ठेला

अंजनाबाईंच्या तर्री-पोह्यांवर आमची अख्खी गल्ली पोसली आहे, आणि त्यांच्यावर हुकूम चालवायची आजवर कुणाची हिंमत झालेली नाही. त्या आठवडाभर मौद्याला लेकीकडे गेल्या. परतल्या तेव्हा शेजारच्या प्लॉटवर नव्यानेच आलेल्या सुमंतरावांचं कंपाउंड उभं होतं आणि घरामागे लावलेला ठेला तिथेच अडकला होता. घराच्या बाजूच्या बोळातून तो निघेचना. ठेला नाही म्हणजे धंदा बंद. मला सकाळी पोहे नसले की माणसं आवडत नाहीत, तेव्हा मीही चिडलो.

"भांडून काय करू? चिठ्ठी लिहू," त्या म्हणाल्या. मौद्याहून त्यांच्यासोबत आलेली लेक दीक्षा लेआउटचा नकाशा घेऊन आली. टेपचं एक टोक माझ्या हाती दिलं. सुमंतरावांच्या बाजूचा हद्दीचा दगड पायव्यात गाडला गेला होता, म्हणून पलीकडच्या, वाद नसलेल्या बाजूच्या दगडांपासून मोजलं. पुढून एकदा, मागून एकदा.

पत्र छोटंच होतं. 'नकाशाप्रमाणे माझ्या प्लॉटची रुंदी पुढे-मागे ९.०० मीटर आहे. दक्षिणेच्या दगडांपासून आपल्या भिंतीपर्यंत दोन्हीकडे ८.६० मीटर भरते. म्हणजे भिंत माझ्या हद्दीत ४० सेंटिमीटर आली आहे. आपण समक्ष मोजून घ्यावे. पटले नाही तर सरकारी मोजणी मागवू.' दोन प्रती केल्या. एकीवर पोच म्हणून सुमंतरावांची सही घेतली.

संध्याकाळी सुमंतराव स्वतःचा टेप घेऊन हजर. मी भांडणाच्या तयारीत बाह्या सरसावल्या होत्या. त्यांनी मोजलं, पुन्हा मोजलं, आणि डोकं खाजवत बसले.

"मी तर तुमच्या घरापासून मोजलं होतं, बाई. नियमात बाजूला एक मीटर सोडावं लागते. मी म्हटलं, तुमची भिंत म्हणजे हद्दीपासून बरोबर एक मीटर."

"मी एक मीटर चाळीस सोडले गा. ठेला जावाले पाहिजे ना. घर तेवढं लहान बांधलं."

"नियमापेक्षा जास्त कोणी सोडते काहून?" त्यांचा आवाज खरोखर बुचकळ्यात पडलेला होता. "मी तर हा विचारच केला नाही. आपण सारे एक-एक इंच दाबून राहिलो."

मला, आतापर्यंत फुरफुरत असलेल्याला, माझ्या पोर्चचा हद्दीबाहेर पुढे आलेला स्लॅब आठवला आणि मी टेप गुंडाळू लागलो.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला, भिंत पडली. ठेला ओढायला स्वतः सुमंतराव पुढे होते. घामाघूम होऊन बोळाबाहेर आले तेव्हा अंजनाबाईंनी पहिली प्लेट त्यांना दिली, तर्री वरपर्यंत. दुसरी माझी. मला राग आला, पण बोललो नाही. स्लॅबचं कुणी मोजमाप काढू नये एवढीच इच्छा होती.