काउंटरबाहेर येऊन दिलेला नकार

मिलिंद,

तुला पत्र लिहायचं काही कारण नाही. पाटण एस.टी. स्टँडसमोर तुझं औषधांचं दुकान, तिथून माझं घर चालत सात मिनिटं. पण समोर आले की मी बोलते भलतंच. दर वाढले का विचारते, पंखा पुसत जा म्हणते. म्हणून लिहिते. आणि तू कसा आहेस हे तुला कुणी सांगितलेलं नसणार. आपल्याकडे माणूस जिवंत असताना ते सांगायची पद्धत नाही.

नववीत तू माझ्या विज्ञानाच्या वर्गात होतास. तिसरा बाक, खिडकीकडचा. तुझे वडील कोयना प्रकल्पावर वायरमन, आई अंगणवाडीत. वर्गात तू कुणाला कधी नाही म्हटल्याचं मला आठवत नाही. कंपासपेटी मागितली, दिली. वही मागितली, दिली. एकदा परीक्षेत शेजाऱ्यानं उत्तर मागितलं तर तेही दिलंस आणि माझी छडी खाल्लीस. मी मनात म्हटलं होतं, हा पोरगा दुकानदार झाला तर बुडेल. तू कराडला जाऊन फार्मसी शिकलास आणि दुकानच टाकलंस.

नाही म्हणायची तुझी रीत मी पहिल्यांदा पाहिली ती दुसऱ्याच्या वेळी. ढेबेवाडीकडचा कुणी शेतकरी गोळ्यांचं रिकामं पाकीट घेऊन आला होता, 'हीच गोळी द्या दोन' म्हणत होता. तू काउंटरची फळी उचललीस, बाहेर आलास, त्याला बाकावर बसवलंस आणि स्वतः शेजारी बसलास. आत उभं राहून नकार दिला की माणसाला हाकलल्यासारखं वाटतं, असं तू नंतर मला म्हणालास. तू त्याच्याशी बोलत होतास तोवर चार गिऱ्हाईकं ताटकळत उभी. त्यात मी एक. मी घड्याळ बघत होते आणि मला तुझा राग आला होता.

मग माझी पाळी आली. गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट.

लालासाहेब माझे दीर. सुभेदार म्हणून निवृत्त झाले, तेव्हापासून आम्ही एकाच घरात: ते, माझी जाऊ विजयमाला आणि मी. त्यांना खोकला लागून अठरा दिवस झाले होते. संध्याकाळी अंग तापायचं, सकाळी उतरायचं. पट्टा दोन भोकं आत गेला होता. हे सगळं मला दिसत होतं, मिलिंद. बी.एस्सी. आहे मी, आंधळी नाही. पण त्या आठवड्यात मला ते बघायचं नव्हतं. गुरुवारी सांगलीत त्यांच्या नातीचा, शिवांजलीचा साखरपुडा होता. आजोबा पहिल्या रांगेत बसून खोकले असते तर पाहुण्यांत कुजबुज झाली असती. एका स्थळानं आधी नुसत्या पत्रिकेवरून नकार दिला होता. म्हणून मला खोकला बुधवारपर्यंत बंद हवा होता. बस, एवढंच.

आमच्या घरात एक पत्र्याचा डबा आहे. माजी सैनिकांच्या दवाखान्यातून मिळालेल्या, पण बरं वाटल्यावर न घेतलेल्या गोळ्या त्यात. गल्लीत त्याला सगळे मिलिटरीचा डबा म्हणतात. मिलिटरीची गोळी म्हणजे कडक, असा इथला समज. आणि वाटप माझ्याकडे, कारण इंग्रजी नावं मला वाचता येतात. त्या डब्यातल्या लिव्होफ्लॉक्सासिन ह्या अँटिबायोटिकच्या तीन गोळ्या मी भाऊजींना दिल्या. खोकला थोडा हटला. गोळ्या संपल्या. सोमवारी मी ते रिकामं पाकीट घेऊन तुझ्याकडे आले.

"तीन दे," मी म्हटलं.

तू पाकीट उलटसुलट पाहिलंस. "चिठ्ठी आणलीय का बाई?"

"चिठ्ठी कशाला? हे काय, पाकीटच आणलंय."

आणि तू फळी उचललीस. ती फळी वर गेली तेव्हाच माझं डोकं फिरलं. मी बाकावर बसले नाही. तू उभा राहिलास.

"बाई, पाकिटावर तांबडी चौकट आहे बघा. ह्याला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव, किती गोळ्या, सगळं मला रजिस्टरात लिहावं लागतं. ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं."

"मग लिही माझं नाव. एवढं रजिस्टराला भ्यायला काय झालं?"

"रजिस्टराला नाही भीत. कुणासाठी पाहिजेत? लालासाहेब काकांसाठी?" मी मान हलवली. "खोकला किती दिवस?"

"झाले पंधरा-वीस."

"संध्याकाळी ताप?"

मी पाकीट तुझ्या हातातून काढून घेतलं. तुला कळलं. तू आवाज खाली आणलास, मागे उभ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाऊ नये इतका.

"बाई, दोन आठवड्यांच्या वर खोकला असला तर आधी थुंकी तपासायची. टीबी असेल असं मी म्हणत नाही, पण नाही असंही कुणी म्हणू शकत नाही. आणि असलाच, तर ही गोळी लय वाईट. ती एकटी टीबीच्या जंतूला पुरतं मारत नाही, नुसती दाबते. माणसाला बरं वाटतं, थुंकीत जंतू सापडत नाही, आत रोग वाढत राहतो. वरून जंतू ह्या गोळीला सरावतो. साधी औषधं चालेनाशी झाली की डॉक्टरांकडे राखून ठेवलेल्यांत ही एक. ती आपण अशी तीन-तीन करून संपवायची?"

सगळं बरोबर होतं. मीच तुला शिकवलं असतं तर असंच शिकवलं असतं. म्हणून मी जास्त चिडले.

"माझ्या हाताखाली शिकलास आणि मला शिकवतोस? कालपर्यंत सायकलच्या कॅरिअरवर बसून शाळेत यायचास."

हे मी बोलले. मागे चार माणसं होती. तू एवढंच म्हणालास, "तापाची साधी गोळी देतो बाई. पाणी भरपूर द्या. आणि उद्या सकाळी काकांना ग्रामीण रुग्णालयात न्या, मी लॅबमध्ये सांगून ठेवतो."

मी रस्ता ओलांडला. समोर तानाजीचं दुकान. त्यानं पाकीट बघितलंसुद्धा नाही. "किती पायजेत बाई?" कात्रीनं पट्टीतून तीन गोळ्या कापून दिल्या. कापलेल्या तुकड्यावर ना नाव होतं ना मुदतीची तारीख. दोन मिनिटं लागली. हे खरं दुकान, असं मी मनात म्हटलं. मागे वळून पाहिलं तर तू अजून फळीबाहेर उभा.

घरी विजयमाला म्हणाली, "जेवल्यावर द्या, रिकाम्या पोटी त्यांना जळजळतं." तिची भाकरी तव्यावर होती. तेवढ्यात दारात तू. भर दुपारी, दुकानाचं शटर अर्धं ओढून, हातात झाकणाच्या दोन प्लास्टिकच्या डब्या. रुग्णालयाच्या लॅबमधून मागून आणल्या होत्यास.

माझ्याकडे तू बघितलंसुद्धा नाहीस. सरळ भाऊजींच्या कॉटजवळ जाऊन खाली बसलास.

"काका, एक आज रुग्णालयात गेल्यावर, एक उद्या उठल्याउठल्या, चूळ भरून. लाळ नको, आतून काढलेली थुंकी पाहिजे."

भाऊजींनी डबी हातात घेऊन फिरवली. "फौजेत बरं नसलं की मेडिकलला जाऊन हुबं ऱ्हायाचं. हितं वैनींनी मला घरातच भरती केलं आन् घरातच डिस्चार्ज दिला."

"भाऊजी, गुरुवार आहे," मी म्हटलं.

"ठावं हाय मला." मग ते तुझ्याकडे वळले, आणि तो आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "मिलिंदा, खरं सांग. टीबी निघाला तर गावभर व्हईल. पोरीचं जुळलंय. माझ्यापायी मोडलं तर?"

तू म्हणालास, "काका, नाव रुग्णालयाच्या बाहेर जात नाही. माझ्या तोंडून तर नाहीच. मोडणार नाही असं मी कसं सांगू? पण टीबी असला आणि तुम्ही नुसता खोकला दाबून तिथं जाऊन बसला, तर शिवांजली शेजारी बसणार. तिची होणारी सासू बसणार. पाहुण्यांची बारकी पोरं मांडीवर येणार."

भाऊजींनी डबीचं झाकण फिरवून घट्ट लावलं. मग म्हणाले, "वैनी, त्या गोळ्या हिकडं आना."

मला वाटलं, घेणार. त्यांनी त्या तुझ्या हातात दिल्या. "आन् माझी चप्पल बघा कुठं हाय."

आधी किती गोळ्या दिल्या ते डॉक्टरांना मीच सांगितलं. त्या वाक्याइतकं लांब वाक्य मी आयुष्यात बोलले नाही. बुधवारी थुंकीचा मशीनवरचा निकाल आला: टीबी आहे, पण नेहमीची औषधं त्याच्यावर चालतील. सहा महिन्यांचा कोर्स, फुकट. विजयमालाची आणि माझीही तपासणी झाली, आम्ही सुटलो.

सांगलीला पाहुण्यांना फोन मी केला. लपवायचा माझा स्वभाव नाही, आणि त्या आठवड्यात लपवून झालं होतं तेवढं पुरे होतं. शिवांजलीचे होणारे सासरे लष्करातलेच. त्यांनी एकच विचारलं, "औषध सुरू केलं का?" केलं, म्हटलं. साखरपुडा झाला. भाऊजींनी तो मोबाइलवर पाहिला, तोंडाला मास्क, अंगात जुना ब्लेझर, आणि खोलीत एकटेच मोठ्यानं सूचना देत होते: "अंगठी नीट घाल रं, घाई करू नगंस."

ऑगस्टमध्ये औषध संपलं. पट्टा एक भोक बाहेर आला. दुसरं बाकी आहे. तानाजीच्या दुकानात गर्दी अजून तुझ्यापेक्षा जास्त असते. ते तुलाही दिसतं. तरी तू फळी उचलतोस.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते.

निकालाच्या दिवशी तू मला बाकावर बसवलंस. त्या दिवशी मी बसले. तू विचारलंस, "बाई, डब्यातल्या गोळ्या आणखी कुणाला दिल्या?" मी सहा नावं सांगितली. पाच जणांकडे तू आणि आरोग्य खात्याच्या आशाताई जाऊन आलात, कुणाला काही नाही. सहावी आक्काताई. वरच्या आळीत एकटी राहायची, खोकत होती म्हणून दिवाळीच्या सुमारास मी तिला ह्याच चार गोळ्या दिल्या होत्या. तिला बरं वाटलं, म्हणून ती मला शेवग्याच्या शेंगा देऊन गेली. मग पौषात ती लेकीकडे गेली, आटपाडीला, ती परतलीच नाही. लेकीचा पत्ता फक्त माझ्याकडे.

"मी जाते," मी म्हटलं होतं. "माझ्या हातानं दिल्यात, मीच जाऊन सांगते. थुंकी तपासून घे म्हणते."

फोन लावला, नंबर बंद. मार्चमध्ये निघाले, कराडपर्यंत गेले, आटपाडीकडे जायची विट्याची गाडी उभी होती, मी चढले नाही. आक्काताईला काय म्हणायचं ते जुळेना. मे महिन्यात ऊन होतं. जूनमध्ये भाऊजींचं औषध चालू होतं. जुलैत पाऊस. ही कारणं मी वर्गात कुणा पोराकडून ऐकून घेतली नसती.

तू पहिले दोन महिने विचारलंस, "बाई, आटपाडीचं काय?" मी म्हटलं, जाते. मग तू विचारायचं बंद केलंस. पत्ता तरी मागशील असं वाटतं. तू मागत नाहीस, मी देत नाही. काल तुझ्या दुकानात आले ती तेच सांगायला. तू फळी उचलून कुणाला तरी बाकावर समजावत होतास. मी थोडा वेळ थांबले, मग पंख्यावर धूळ बसलीय एवढं बोलून घरी आले.

पत्ता वहीत आहे. आटपाडीला मी अजून गेलेले नाही.