स्क्रीनशॉटमधला निरोगी माणूस

टॉवेलच्या कारखान्यात, ऑफिसात बसून माझी वीस वर्षं गेली. दोन ठिकाणचे भाव आले की मी आधी दोन्हीकडचा एकेक डझन काट्यावर टाकते. वजन सारखं नसेल तर भावाला काय चाटायचंय? त्यामुळे त्या दुपारी डबा खाताना नवऱ्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेला स्क्रीनशॉट उघडला, तेव्हा माझी नजर रकमेवर टिकलीच नाही.

नवरा यंत्रमागावर जॉबर. माग बिघडला की त्याच्याखाली उकिडवं बसून दुरुस्त करायचा. त्याच्या कारखान्याने कामगारांचा आरोग्य विमा बंद केला होता. म्हणून त्यानेच मोबाइलवर माहिती भरून आम्हा दोघांसाठी विमा शोधला होता. स्क्रीनशॉटमध्ये दोन कंपन्या शेजारी शेजारी. कव्हर दोन्हीकडे पाच लाख. एकीचा वर्षाचा हप्ता बावीस हजार, दुसरीचा सत्तावीस. खाली त्याचा मेसेज: ‘पहिली घेऊ. लई स्वस्त हाय.’

मला मात्र चाळा लागला. पाच हजारांचा फरक कशाचा? फुकट कोण कमी घेतं हो! दोन्ही कंपन्यांची माहितीपत्रकं उतरवून घेतली आणि संध्याकाळी घरी चष्मा लावून बसले. गंमत अशी, की स्क्रीनशॉटमध्ये हप्ता होता फक्त पहिल्या वर्षाचा. नवरा एक्कावन्नचा. छप्पन्नाव्या वर्षी स्वस्त कंपनीचा हप्ता एकदम अडतीस हजार होत होता, दुसरीचा तेहतीस. दहा वर्षांची बेरीज मारली तर दोन्हीकडे बरोब्बर तीन लाख! मी दोनदा करून पाहिली. कंपन्या उद्या तक्ता बदलतीलही, पण आजच्या तक्त्यात स्वस्त काहीच नव्हतं.

उलट स्वस्त कंपनीत प्रत्येक बिलाचा पाचवा हिस्सा आपण भरायचा. म्हणजे दोन लाखांच्या बिलात चाळीस हजार आपलेच. हातमोजे, सिरिंज असल्या वस्तूंचे पैसेही मिळणार नाहीत. दुसरीकडे या दोन्ही भानगडी नव्हत्या. दातांचे उपचार दोघींनीही वगळलेले.

मग आलं थांबायचं प्रकरण. सांधा बदलायचा असेल तर दोन्हीकडे दोन वर्षं थांबायचं. पण दुखणं विमा घेण्याआधीचं असेल तर वेगळी मुदत: स्वस्तवालीत तीन वर्षं, दुसरीत दोन. आणि खाली बारीक अक्षरात, दोन्ही मुदती लागू असतील तर जी मोठी ती धरायची. मी तिथेच थबकले. नवऱ्याच्या उजव्या गुडघ्याची वाटी दोन-तीन वर्षांत बदलावी लागेल, असं डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलेलं होतं. हा सगळा खटाटोप त्या गुडघ्यासाठीच तर होता.

परत स्क्रीनशॉट काढला. वरच्या कोपऱ्यात, जिथे कोणी बघत नाही, तिथे दोन ओळी होत्या. पत्नी: थायरॉईड. पती: कोणताही आजार नाही.

“अहो, हे काय? गुडघा कुठाय तुमचा?”

“गुडघा काय आजार हाय व्हय? आन् ते लिवलं की हप्ता वाढतोय. मी बगितलं की भरून.”

“मग माझा थायरॉईड कशाला लिहिला? त्यानं नाही वाढत?”

“वाढतोय की.” तो भिंतीला टेकून पाय लांब करत म्हणाला, “पर तुझं लपवून कसं चालंल? उद्या तुला काय झालं आन् कंपनीनं हात वर केलं, तर?”

असा राग आला म्हणता! शहाणपण होतं, पण ते सगळं माझ्या वाटणीला ठेवलेलं. “आणि तुम्हाला झालं तर? तेव्हा कंपनी काय ओवाळणार आहे तुम्हाला?” मी ओरडले. रडूही आलं, ते लपवलं नाही.

तो गुडघा चोळत म्हणाला, “माझं काय, मी बसतो की एका पायावर.”

“बसा! बघतेच मी.”

मी त्याचाच मोबाइल घेऊन माहिती पहिल्यापासून भरली. गुडघा लिहिला, डॉक्टरांचा कागद जोडला. दुसऱ्या कंपनीने तपासण्या करून घेतल्या आणि सत्तावीसचे एकतीस हजार केले. तरी आम्ही तीच घेतली. वीस टक्के आपल्या अंगावर नाहीत, आणि मुदत वर्षाने कमी.

पॉलिसी आली त्या दिवशी त्याने ती दोन्ही हातांत धरून वाचली. स्वतःच्या नावासमोर ‘उजवा गुडघा’ छापलेलं बघून म्हणाला, “लिवलंय बग माझं बी.”

तेव्हापासून तो मागाखाली उकिडवा बसत नाही, पाट घेऊन बसतो. दोन वर्षांतले चौदा महिने झालेत.