हेडमास्तरांनी तपासलेली सात आश्वासनं

सिंगापूरच्या तोआ पायोहमध्ये राहून एकोणीस वर्षं मी दुसऱ्यांचे हिशेब तपासले. गेल्या वर्षी गावाकडच्या एका कारखानदाराने फोन केला. शेतीपंपांचे सुटे भाग बनवतो. म्हणाला, "अकाउंट्सचा सगळा कारभार तुम्ही बघा." वर सात गोष्टी कबूल केल्या: राहायला घर, रविवारची सुट्टी, सहीचा अधिकार, पुढे भागीदारी, असं बरंच.

मला जायचं होतं, अडचण तीच होती. इथलं पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, एकदा सोडलं की परत मिळेलच असं नाही. म्हणून मी तक्ता केला आणि प्रत्येक आश्वासनाला दहापैकी गुण दिले. बेरीज सत्तरपैकी एकसष्ट. तक्ता आमच्या गावच्या शाळेच्या निवृत्त हेडमास्तरांना पोस्टाने पाठवला.

तीन आठवड्यांनी तो परत आला, लाल शाईने तपासलेला. सोबत पत्र होतं.

"गुण तू दिलेस, पण कशावरून? तो गोड बोलला यावरून. आश्वासनापुढे एकच गोष्ट लिहायची: हेच त्याने आधी कोणाला दिलं होतं, आणि त्या माणसाला ते मिळालं का? तुझ्या आधीचा अकाउंटंट आता बाजारात वह्या-पेनं विकतो. मी वही घ्यायला गेलो आणि तासभर बसलो. सहीचा अधिकार त्याला पहिल्या दिवसापासून होता. घर मिळालं, पण तिसऱ्या वर्षी. रविवार एकही नाही. भागीदारीचं विचारल्यावर तो इतका हसला की मी दुसरी वही घेतली. उरलेल्या तीन गोष्टींपैकी एकच मिळाली. जे दुसऱ्याला मिळालं तेवढंच धर. बाकीचं शून्य धरून पुन्हा बेरीज कर. आणि हा कागद मालकाला दाखव. चिडला तर येऊ नकोस."

नवी बेरीज एकोणतीस आली. बायको म्हणाली, "नापासच की हो!"

तरी मी त्या तपासलेल्या कागदावर नवे गुण आणि 'आधीच्या अकाउंटंटला विचारून' हा शेरा लिहून त्याचा फोटो मालकाला पाठवला. तिसऱ्या दिवशी फोन आला.

"अहो, हे अक्षर ओळखलं मी! दहावीला माझे पेपर याच शाईने रंगायचे. त्या अकाउंटंटने आणखी काय काय सांगितलं?"

"एकही रविवार सुट्टी मिळाली नाही, हे."

"खरंय ते." लगेच तो एकेक मुद्दा घेऊ लागला. "भागीदारी खोडा. घर दुसऱ्या वर्षी. रविवार मात्र नेमणूकपत्रात लिहून देतो."

पंधरा दिवसांनी नेमणूकपत्र आलं. सातांपैकी चारच गोष्टी होत्या, पण प्रत्येकीपुढे तारीख. पहिल्या वर्षीच्या घराची सोय आम्हीच करायची, असंही स्पष्ट लिहिलं होतं. मी पुन्हा बेरीज करायला बसलो, तर बायकोने पेन काढून घेतलं.

"कबूल केलेलं स्वतःच्या हाताने खोडणारा मालक पाहिलाय का कधी? चला."

मुलगी खोलीतून ओरडली, "बाबा, so we going or not lah?"

"जातोय," मी म्हणालो. हेडमास्तरांना नव्या बेरजेची प्रत पाठवून कळवलं, तेव्हा उलट टपाली एकच ओळ आली: "येताना तुझा तक्ता आण, बेरजेत एक चूक राहिली आहे."

मी तपासलं. खरंच होती. एकोणतीस नव्हे, अठ्ठावीस.