बुरुजावरून बोलायची बंदी

मला गप्प बसवायचे प्रयत्न आजवर पुष्कळांनी केले. शाळेत बाईंनी केले, लग्नानंतर एका आत्येसासूबाईंनी केले, आणि बदलीच्या प्रत्येक गावी पलीकडून भिंत ठोकून कुणी ना कुणी केलेच. कुणालाही जमलं नाही. जमलं ते चंदीगडला, आमच्याच घरातल्या कॉम्प्युटरला.

आधी खेळाबद्दल सांगते. पन्नाशीला टेकलेली बाई कॉम्प्युटरवर लढाईचा खेळ खेळते म्हटल्यावर भुवया वर जातात. जाऊ देत. त्या खेळात एक किल्ला असतो आणि चौघांनी मिळून तो राखायचा असतो. तिघं खाली दारांवर लढतात, चौथा बुरुजावर उभा राहतो. बुरुजावरच्याच्या हातात शस्त्र नसतं, पण त्याला सगळं दिसतं. शत्रू कुठल्या दाराकडे वळला हे त्याने माईकवरून खालच्यांना ओरडून सांगायचं. थोडक्यात, हे काम माझ्यासाठीच निर्माण झालेलं आहे. महाराष्ट्र मंडळाच्या नाटकात माझा आवाज माईकशिवाय शेवटच्या रांगेत जातो, आणि तिथून पार्किंगमध्येही जातो असं हे म्हणतात.

आमची कॅप्टन वरच्या मजल्यावरची पंजाबी शेजारीण. शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेली, पण शिटी अजून गळ्यात असल्यासारखी बोलते. दुसरी माझी मुलगी, चंदीगडजवळच्या खरडला कॉलेजात, तिथेच मैत्रिणींबरोबर फ्लॅट घेऊन राहते. तिसरी हवाई दलातल्या एका अधिकाऱ्याची बायको, मूळची सांगलीची, अतिशय गोड स्वभावाची आणि तलवार हातात आली की ओळखू न येणारी. आणि बुरुजावर मी.

एका बुधवारी मी बुरुजावर चढले, उत्तरेच्या दाराकडे शत्रू येताना दिसला, आणि मी गर्जले, “उत्तर! उत्तर दरवाजा!”

तिघी दक्षिणेला उभ्या. मी पुन्हा गर्जले. उत्तरेचं दार पडलं, किल्ला पडला, आणि मला हेडफोनमधून कॅप्टनचा आवाज आला, “भाभीजी तो आज मौनी बाबा बनी बैठी हैं!”

मला त्यांचं सगळं ऐकू येत होतं. माझं मात्र एक अक्षर त्यांना जात नव्हतं.

“मम्मी, आपका हेडफोन गया,” मुलीचं निदान. मी मराठीत विचारते, ती हिंदीत उत्तर देते. हा आमच्या घरचा जुना तह आहे. “नया ले लो.”

“गेला म्हणजे काय? मला तू ऐकू येतेयस की.”

अर्थात हे मी तिला ऐकवू शकत नव्हतेच. टाइप करावं लागलं. टाइप करून भांडणं ही किती अपमानास्पद गोष्ट आहे! वाक्य पूर्ण होईपर्यंत समोरचा माणूस पुढच्या विषयावर गेलेला असतो.

मी नवा हेडफोन आणला नाही. तोच हेडफोन मोबाइलला लावला आणि रत्नागिरीच्या बहिणीला फोन केला. ती म्हणाली, “किती मोठ्याने बोलतेस, जरा हळू.” म्हणजे हेडफोन ठणठणीत होता. गुन्हेगार दुसराच कुणीतरी होता.

शनिवारी सकाळी जिन्यात कॅप्टन भेटली. रविवारी दुपारी चारला आमचा सामना मनीमाजऱ्याच्या बायकांशी होता. गेल्या वेळी त्यांनी आम्हाला हरवून आमच्या ग्रुपवर भांगडा नाचणारी चित्रं पाठवली होती.

“देखो भाभीजी,” ती म्हणाली, “बुर्ज पे गूंगा बंदा नहीं चलदा. कल तक आवाज़ आ गई तो ठीक. नहीं तो मेरी ननद बैठेगी.”

ननद झिरकपूरला राहते. तिचा आवाज मी ऐकला आहे. लाउडस्पीकरवर भाजी विकणारा तिच्यापुढे कुजबुजतो. पण तो प्रश्नच नव्हता. एकदा ती बुरुजावर चढली की खाली उतरणार नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं.

“ननद को आराम करने दो जी,” मी म्हटलं. “बुर्ज मेरा है.”

“तो फिर बोल के दिखाओ!”

ह्यांना विचारलं. हे केंद्र सरकारच्या हिशेब तपासणाऱ्या खात्यात आहेत. पेपरमागून उत्तर आलं, “अगं, मेकॅनिकला बोलाव. नाहीतर खेळूच नकोस. लिहून सांगत जा त्यांना.”

“बुरुजावरून पत्र पाठवू का?”

पेपर हलला नाही.

रविवारी जेवणं झाल्यावर मी कॉम्प्युटरसमोर ठाण मांडलं. मुलगी खरडहून मोबाइलवर होती. ती म्हणाली, “मम्मी, साउंड की सेटिंग खोलो. इनपुट में देखो क्या लगा है.”

इनपुट म्हणजे कॉम्प्युटर कुठल्या माईकमधून ऐकतो ते. तिथे माझ्या हेडफोनचं नाव होतं, पण निवडलेला होता वेबकॅमचा माईक. तो वेबकॅम पडद्याच्या डोक्यावर बसलेला, आणि त्याच्या डोळ्यावर चक्क माझी मरून टिकली चिकटवलेली!

“अहो, ह्या कॅमेऱ्याला कुंकू कुणी लावलं?”

“मी,” पेपरमागून. “मंगळवारी ऑफिसात सायबर सुरक्षेचं प्रशिक्षण झालं. कॅमेरा झाकून ठेवा म्हणाले. मग शोधून काढला, चालतो का ते लावून बघितला, आणि झाकला.”

“आणि तो लावताना माझा हेडफोन उपटलात?”

“परत लावला की!”

लावला होता, पण कॉम्प्युटरने दरम्यान वेबकॅमशी घरोबा केला होता. मी इनपुटमध्ये हेडफोन निवडला आणि माईक तोंडाशी ओढून “हर हर महादेव” म्हटलं. पडद्यावरची आवाजाची निळी पट्टी टुणकन उडाली. मी टाळी वाजवली. खेळ उघडला, त्यातल्या आमच्या खोलीत शिरले. तिघी जमलेल्या होत्या. चार वाजायला थोडाच वेळ होता.

“नमस्कार मंडळी! बुरुज हजर आहे!”

मग सांगलीकरीण म्हणाली, “काकू आल्यात, पण आवाज नाही हो येत अजून.”

आणि कॅप्टन, “चलो, मैं ननद को फोन लगाती हूँ.”

आता माझं डोकं फिरलं, आणि फिरलं की ते चांगलं चालतं. पट्टी उडते म्हणजे माईकचा आवाज कॉम्प्युटरपर्यंत पोचतोय. खेळापर्यंत पोचत नाही. मधे कुणीतरी दार लावून घेतलंय. मी खेळ तसाच ठेवून कॉम्प्युटरमधला रेकॉर्डर उघडला. हे ऑफिसातल्या हिंदी पंधरवड्याच्या भाषणाची तालीम त्याच्यावर करतात. चार शब्द बोलले, परत वाजवले. स्वच्छ! रेकॉर्डरला मी ऐकू जात होते आणि खेळाला नाही. एकाला पास मिळालाय, दुसऱ्याला नाही.

“अहो, मंगळवारी तुम्ही टिकलीशिवाय आणखी काय काय केलंत?”

आता पेपर खाली आला. “माईकच्या परवानग्या तपासल्या.”

“कुठे?”

“प्रायव्हसीमध्ये. सेटिंग्जमध्ये असतं ते.”

मी उघडलं. मायक्रोफोनचं पान. वरती एकेका ॲपचं नाव आणि प्रत्येकापुढे स्वतंत्र बटण. रेकॉर्डर चालू, बाकी बहुतेक बंद. आणि पार तळाशी एकच बटण, डेस्कटॉप ॲप्सना मायक्रोफोन वापरू द्यायचा का, असं विचारणारं. बंद.

“हे का बंद केलंत?”

ह्यांनी चष्मा सारखा केला. ऑफिसात बसल्यावर जो आवाज लागतो तो लागला. “वरच्या प्रत्येकाला नाव आहे, वेगळं बटण आहे. तपासून द्यायचं की नाही ते ठरवता येतं. खाली सगळ्यांना मिळून एकच बटण. कोण आहेत, किती आहेत, पत्ता नाही. अशी सामूहिक मंजुरी मी कधीच देत नाही.”

“त्या सामूहिकात माझा खेळ आहे!”

“मग त्याने वरती नाव नोंदवायचं.”

माझे यजमान अजिबात विनोद करत नव्हते. नाव न कळलेल्या माणसाचं बिल ते जसं थांबवतात तसा त्यांनी माझा आवाज थांबवला होता. मी माउस उचलला.

“थांब,” हे उठले. “त्या एका बटणाने सगळे आत येतील. घरातलं बोलणं बाहेर जाईल.”

“माझं बोलणं बाहेर जावं म्हणूनच तर मी हे करतेय!”

“नियमात बसत नाही.”

“मी बसते,” मी म्हटलं आणि बटण चालू केलं.

खेळात परत आले. तरी मुकीच. मोबाइलवरून मुलगी ओरडली, “मम्मी, गेम बंद करके फिर से खोलो! तब लेगा.”

हेडफोनमध्ये कॅप्टन, “ननद आ रही है, दो मिनट में. भाभीजी, आप बाहर गईं तो सीट गई!”

बाहेर पडले तर माझी जागा रिकामी होणार, आणि ननद कॉम्प्युटर चालू करत होती. आत राहिले तर मुकी राहणार आणि उद्यापासून बुरुज तिचाच. मी खेळ बंद केला. पडद्यावर तो सुरुवातीचा ड्रॅगन इतक्या सावकाश पंख पसरत होता, की त्याला मी मालवणीत जे म्हटलं ते इथे लिहीत नाही. हे मागे उभे. निघून जात नव्हते, ही गोष्ट माझ्या लक्षात आली.

खोली उघडली. एक जागा रिकामी होती. मी उडी मारली.

“बुर्ज मेरा है!”

हेडफोनमध्ये एक किंकाळी. “ओए रब्बा! कान फाड़ दित्ते!” कॅप्टन. सांगलीकरीण खदखदून हसत होती. मुलगी म्हणाली, “आई, आवाज आला.” मराठीत म्हणाली. आणि खाली ननदेचं नाव उमटलं, जागा भरली असल्याची सूचना उमटली, आणि ती बिचारी प्रेक्षकांत जाऊन बसली.

मग मी बोलले. चार-पाच दिवसांचं साठलेलं बोलले. उत्तर, पश्चिम, मागची खिडकी, पाण्याचं टाकं, सगळं. मनीमाजऱ्याच्या बायका शेवटी मागच्या खिडकीतून शिरल्या. मी तीनदा सांगितलं होतं; कॅप्टन दाराशीच अडून बसली. किल्ला पडला. हरलो.

“भाभीजी,” कॅप्टन धापा टाकत म्हणाली, “आप बहुत बोलती हो.”

“और आप सुनती नहीं हो.”

“ननद कम बोलती, मैं सुन लेती.”

“ननद को खिड़की दिखती?”

ती म्हणाली, “अगले इतवार फिर. बुर्ज आपका. पर थोड़ा धीरे!”

“धीरे नहीं होगा जी,” मी सांगितलं.

हेडफोन काढला, तर हे अजून मागेच. “झालं ना खेळून? आता ते खालचं बटण बंद कर. पुढच्या वेळी लागेल तेव्हा चालू कर.”

“नाही.”

“अगं, सुरक्षेचा प्रश्न आहे.”

“टिकली तुमची राहू द्या. कॅमेरा झाकलेला राहील. माझा माईक चालू राहील.”

“माझा ह्याला आक्षेप आहे.”

“मग नोंदवा,” मी म्हटलं.

ते खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, “मागच्या खिडकीवर तुम्ही कुणालाच का ठेवत नाही?”