गालावरचा डाग आणि पेन्सिलबाई

पेन्सिलबाईंच्या दुकानात भिंतीला आरसा होता आणि आरशाला दोरीने बांधलेला कंगवा होता. दोरी अशासाठी, की फोटो काढायला येणारी माणसं जाताना कंगवा खिशात घालून न्यायची. आपला खरा चेहरा मात्र तिथेच टाकून जायला एका पायावर तयार!

पेन्सिलबाई हे नाव त्यांना पडलं ते कॅमेऱ्यात फिल्म असायची त्या काळात. नवरा फोटो काढायचा आणि बाई खिडकीशी बसून निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवायच्या. एक रेघ इथे, दोन ठिपके तिथे, की कागदावर छापून येताना सुरकुत्या गायब, देवीचे व्रण गायब, कुणाची तर दुसरी हनुवटी गायब. त्यांच्या हातून गेलेला पोरीचा फोटो कुठल्या स्थळाने परत पाठवला, असं कधी झालं नाही. मुलगी परत पाठवली असेल, फोटो नाही.

दाराजवळच्या काचेच्या कपाटात त्या कारागिरीचा नमुना अजून उभा होता. त्यांच्या नणंदेचा, लग्नाआधीचा फोटो. लहानपणी उकळतं पाणी उडून तिच्या उजव्या गालावर बोटाएवढा काळपट डाग पडला होता. फोटोत तो गाल दुधासारखा. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक फोटोत वहिनीने नणंदेचा गाल धुऊन दिला. बारशातला, सहलीतला, साठीतलासुद्धा. नणंदेचे यजमान हयात असताना म्हणायचे, "फोटोतली बाई पसंत केली होती मी. ती अजून सापडली नाही, पण हीपण बरी आहे."

पुढे समोरच्या इमारतीत व्हिसाची कचेरी आली आणि पेन्सिलबाईंचा धंदाच उलटा झाला. व्हिसाच्या फोटोत काही बदललेलं चालत नाही, त्यामुळे आता न पुसण्याचे पैसे मिळू लागले.

तर एका सकाळी नणंद दारात उभी राहिली. नाक लाल, हातात फाईल.

"वहिनी, फोटो परत दिला मेल्यांनी. म्हणे, बदललेला आहे! पोरीला नववा लागलाय, तिकडे तिच्याजवळ कुणी नाही. परवाची वेळ दिलीय. परवाही नाही म्हणाले तर पुढची तारीख महिन्याने. मग काय, बाळ चालायला लागल्यावर जाऊ?"

पेन्सिलबाईंनी फोटो चष्म्याजवळ धरला. कोपऱ्यावरच्या 'पाच मिनिटांत देखणे' दुकानातला. तिथला झगमगवाला यंत्राला बटण दाबून सांगतो, आणि यंत्र गिऱ्हाइकाला सून म्हणून घरात घ्यावं असं करून देतं. या फोटोत डाग नव्हता. सुरकुती नव्हती. गाल आत गेले होते, डोळे दीडपट झाले होते, आणि पांढरी पार्श्वभूमी मशीनने चिकटवताना एका कानाची पाळी कुरतडली गेली होती.

"वन्सं, ही कोण?"

"मी!"

"छान आहे. हिला आई आहे का? विचारा, लग्नाचं बघताहेत का."

"थट्टा नको. माझ्या पासपोर्टवर त्यांनीच काढलेल्या फोटोत डाग आहे, तोंडावर डाग आहे, म्हणून तो काऊंटरवरचा तीनदा बघत होता. तू कर ना हाताने, नेहमीसारखं. तुझं कुणाला कळत नाही."

"पासपोर्टवर डाग आहे ना? मग फोटोत तो नसला तर तुम्ही कोण, हे त्याने कशावरून ठरवायचं? तुमच्या रडण्यावरून?"

नणंद स्टुलावर बसली. "मग केस काळे केलेत, तेही धुऊन काढू?"

"ते राहू द्या. डोक्यावर काळे आहेत, फोटोत काळे येतील. यंत्रात शिरून काळे करायचे नाहीत. कपाळ चमकतंय, त्यावर थोडी पावडर लावा. बट कानामागे घ्या. जे करायचं ते फोटो काढायच्या आधी, आणि तेही ओळख पटेल एवढंच. काढल्यावर मी कडा कापून मापात बसवीन, बस. चेहऱ्याला बोट लावायचं नाही."

नणंदेने पर्समधून एक चपटी डबी काढली आणि डागावर लेप थापायला लागली. भिंतीला पुट्टी भरतात तशी.

"पुसा ते."

"तूच म्हणालीस आधी करायचं!"

"पावडर म्हणाले. गवंडीकाम नाही म्हणाले."

नणंदेने ओल्या रुमालाने गाल घासला. चष्मा काढायला लावला तेव्हा म्हणाली, "आता मला दिसतसुद्धा नाही तू काय करतेस ते." "बरंच आहे," पेन्सिलबाई म्हणाल्या. मागे खरा पांढरा पडदा होता. त्यावर मानेची सावली पडली, तर बाईंनी स्टूल पुढे ओढलं आणि दिवा हलवला. सावली खोडून काढण्यापेक्षा पडूच न देणं सोपं, पण हे झगमगवाल्याला कोण सांगणार. त्याचा एकुलता एक दिवा दुकानाच्या पाटीला लागतो.

"तोंड मिटा. हसू नका."

"हसायला काय आहे इथे!"

फोटो संगणकावर उघडला. कडा कापल्या, डोकं मापात बसवलं. आणि मग बाईंचा हात, त्यांना न विचारता, माऊसला घेऊन उजव्या गालाकडे निघाला. चाळीस वर्षांची सवय. एक टिचकी. डाग गेला.

नणंद चष्मा लावून मागे येऊन उभीच होती. "अगंबाई! हेच! राहू दे ना वहिनी. इतकुसं तर आहे."

पेन्सिलबाई स्वतःच्या हाताकडे बघत राहिल्या. झगमगवाल्याला इतके दिवस नावं ठेवली, आणि त्याचा गुरू इथे बसलाय! त्यांनी डाग परत न आणता तो अख्खा फोटोच संगणकाच्या कचऱ्यात टाकला.

"बसा परत स्टुलावर."

"अगं, पण का?"

"कारण लेकीजवळ हा गाल जायचा नाही, तुम्ही जायच्या आहात. माझं चुकलं वन्सं. पहिल्या फोटोला केलं ते केलं. पुढे तुम्ही मागितलं नाही तरी करत राहिले. तुम्हाला वाटायला लागलं, डाग म्हणजे काही गुन्हा आहे."

नणंद स्टुलाकडे वळली. जाऊन बसली. या वेळी मान आपणहून सरळ धरली.

ठरल्या दिवशी ती कचेरीत गेली. काऊंटरवरच्याने पासपोर्ट पाहिला, तोंड पाहिलं, फोटो पाहिला. प्रत्येकाला जांभईएवढा वेळ. अर्जावर शिक्का मारला आणि म्हणाला, "पुढचे."

ती तरातरा दुकानात आली. "बघितलंसुद्धा नाही मेल्याने! चाळीस वर्षं ज्याला पदराखाली झाकलं, त्याच्याकडे त्याने ढुंकून पाहिलं नाही!"

"नाराज आहात?"

"आहेच मुळी! काही बोलायचं तरी."

बाराव्या दिवशी व्हिसा हातात पडला. निघायच्या आदल्या दिवशी नणंद निरोप घ्यायला आली, स्टुलावर टेकली, उठली, आणि जाता जाता काचेच्या कपाटाशी थांबली. दुधासारख्या गालाच्या त्या पोरीकडे तिने बराच वेळ पाहिलं.

"वहिनी, हिला आता उतरव."

"का हो? माझी सगळ्यात चांगली कारागिरी आहे ती."

"असेल. पण हिला कुणी व्हिसा द्यायचं नाही."