एका मेलवर चव्वेचाळीस पत्ते

भावाची मुलगी कर्जतहून आली ती तोंड पाडूनच. केमिस्ट्रीत बी.एस्सी., ढीगभर अर्ज, उत्तर एकाचंही नाही. दिवाळीपर्यंत नोकरी लागली नाही तर चुलत्याच्या खतांच्या दुकानात बसायचं, असं भावाने तिला सांगून टाकलं होतं.

"आत्या, वशिल्याशिवाय कोन इचारतंय?"

श्रीरामपूरजवळच्या एका डेअरीत मी भरतीचं काम बघते. अर्ज चाळण्यातच माझा दिवस जातो.

"वशिला राहू दे. काय पाठवलंस ते दाखव."

मार्चमधला एकच मेल, साखर कारखाने आणि डेअऱ्यांच्या चव्वेचाळीस पत्त्यांना एकदम, सगळ्यांना सगळे दिसतील असा. सोबत रेघांच्या कागदावर लिहिलेल्या पत्राचा फोटो. 'महोदय, सविनय विनंती अर्ज करते की...' शाळेत रजेसाठी लिहितात तसा. पुढे वडिलांची कोरडवाहू जमीन, धाकट्या भावांची शिक्षणं. प्रयोगशाळेत तिला काय येतं, याबद्दल एक ओळ नाही.

"टायट्रेशन येतं ना? ते कुठंय?"

"मार्कलिस्टमधी हाय की."

"मार्कलिस्ट उघडतंय कोण? आणि जागा कुठली मागितलीस?"

"कोणतीही योग्य जागा."

"म्हणजे ती त्यांनी शोधायची!"

नंतर तिने जाहिराती बघून वेगळे अर्ज केले होते, पण मॅन्युफॅक्चरिंग केमिस्टसाठी. त्याला साखर तंत्रज्ञानाची वेगळी पदविका लागते. तिच्या शिक्षणाला बसणारी जागा लॅब केमिस्टची. ती माणसं कारखाने गाळपाआधी घेतात, ऑगस्ट-सप्टेंबरात. मार्चमध्ये हंगाम आटपत आलेला असतो, हंगामी लोक घरी निघालेले असतात.

पत्ते वाचत गेले तर बाविसावा आमच्याच डेअरीचा.

"मला का नाही सांगितलंस?"

"आत्याने चिकटवली म्हनले असते समदे." मग माझ्याकडे रोखून बघत, "तू वाचला न्हाईस व्हय?"

"नाही. एवढे पत्ते दिसले की मी पुढचं बघत नाही."

"घरच्या मानसाचीच ही तऱ्हा!" ती हसली. मला काही हसू आलं नाही.

दुपारभर बसून आम्ही अर्ध्या पानाचं पत्र टाईप केलं. वर पदाचं नाव, खाली तिने केलेल्या चाचण्या, घरची हकीकत बाद. ऑगस्टमध्ये तिने नऊ ठिकाणी नऊ वेगवेगळे मेल पाठवले, तेही कामाच्या दिवशी सकाळी. आठवड्याने प्रत्येक ठिकाणी फोन केला. आमच्या डेअरीचा अर्ज मी साहेबांकडे दिला, निर्णयात पडले नाही. तिथे जागा नव्हती.

पहिलं उत्तर नकाराचं. तिचा फोन आला, "आत्या, न्हाई म्हनले!" आवाज असा की पेढे वाटायला निघालीय. दुसऱ्या एका कारखान्याने मूळ कागदपत्रं घेऊन मुलाखतीला बोलावलं.

गाळप सुरू झालं तेव्हा ती तिथल्या लॅबमध्ये उसाच्या रसाचे नमुने तपासत होती. काम हंगामापुरतंच आहे. चुलत्याने मात्र हंगाम संपून ती परत यायची वाट न बघता दुकानात दुसरा माणूस ठेवला.