टीच्या जागी एक

पंचशीला सोनकांबळे रोज सकाळी मुदखेडहून गाडीने नांदेडला येत असे आणि एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवत असे. तासिका तत्त्वावर काम करण्याचे हे तिचे अकरावे वर्ष. सेट किंवा नेट ही पात्रता परीक्षा ती उत्तीर्ण झाली नव्हती, त्यामुळे पीएच.डी. झाल्याशिवाय कायमच्या जागेसाठी तिला कोणी उभे करणार नव्हते. सात वर्षे राबून तिने प्रबंध पूर्ण केला होता. दोन्ही बहिःस्थ परीक्षकांचे अहवाल अनुकूल आले होते आणि गुरुवारी मौखिक परीक्षा होती. त्यानंतर सुमारे तीन आठवड्यांनी लातूरच्या एका महाविद्यालयात कायमच्या जागेची मुलाखत होती; त्या दिवशी पदवी हातात असली की पुरे होते. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी आलेली ती बहुधा शेवटचीच संधी होती.

मौखिक परीक्षेच्या दोन दिवस आधी, मंगळवारी, ती तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला लॉगनॉर्मल वितरण शिकवत होती. एखाद्या राशीचा लॉगरिदम नॉर्मल वितरण पाळत असेल, तर ती राशी लॉगनॉर्मल. वाय हे नॉर्मल चल, त्याची सरासरी म्यू आणि प्रचरण सिग्मा वर्ग. एक्स म्हणजे ई चा वाय घात.

"आता लॉगनॉर्मलचं मोमेंट जनरेटिंग फंक्शन काढायला बसू नका," ती म्हणाली. "टी धन असेल तर ते अस्तित्वातच नाही, बेरीज अनंताला जाते. पण मोमेंट, म्हणजे एक्सच्या घातांच्या सरासऱ्या, सगळे मिळतात. कुठून मिळतात?"

"नॉर्मलकडून उसने घ्यायचे," मागच्या बाकावरून नागसेन म्हणाला. वर्ग हसला.

"उसनेच म्हणा." तिने फळ्यावर लिहिले. नॉर्मल चलाचे मोमेंट जनरेटिंग फंक्शन म्हणजे ई च्या टी-वाय घाताची सरासरी. त्याची किंमत ई चा घात (म्यू टी अधिक सिग्मा वर्ग टी वर्ग भागिले दोन). एक्सचा आर घात म्हणजेच ई चा आर-वाय घात. तेव्हा टीच्या जागी आर ठेवला, की एक्सचा आरवा मोमेंट हातात येतो. टीच्या जागी एक ठेवला की सरासरी: ई चा घात (म्यू अधिक सिग्मा वर्गाचे निम्मे). दोन ठेवला की वर्गाची सरासरी: ई चा घात (दोन म्यू अधिक दोन सिग्मा वर्ग). त्यातून पहिल्याचा वर्ग वजा केला की प्रचरण.

पहिल्या बाकावरच्या सुकन्याने वही पुढे केली. "मॅडम, मी तर लॉगची सरासरी काढली अन् तीच ई ला घात म्हणून चढवली. नुसता म्यूच. ते सिग्मावालं आलंच न्हाई."

"तो मध्यक झाला," पंचशीला म्हणाली. "निम्मी मापं त्याच्या खाली, निम्मी वर. सरासरी त्याच्या बरीच वर असते, कारण वरच्या बाजूची मोजकी मोठी मापं तिला ओढत नेतात."

हे वाक्य ती दरवर्षी म्हणत आली होती. यंदा ते तोंडातून बाहेर पडले आणि प्रबंधातला तक्ता चार-तीन तिच्या डोळ्यांसमोर आला. तिने खडू खाली ठेवला. बोटांना लागलेली भुकटी तिने रुमालाला पुसली, वर्गाला दोन उदाहरणे घरी सोडवायला दिली आणि राहिलेली दहा मिनिटे हजेरीपत्रक तपासत काढली.

प्रबंधाचा विषय होता लातूरच्या बाजारात येणारी तुरीची आवक. एका खेपेचे वजन लॉगनॉर्मल वितरण पाळते, हे तिने दाखवले होते, आणि ते बरोबर होते. वजनांच्या लॉगची सरासरी एक पूर्णांक आठ, प्रमाण विचलन एक पूर्णांक एक. पण एका खेपेचे सरासरी वजन काढताना तिने नुसता म्यू घाताला चढवला होता: सहा पूर्णांक शून्य पाच क्विंटल. सिग्मा वर्गाचे निम्मे धरले असते, तर अकरा क्विंटलच्या जरा वर आले असते. पाचव्या प्रकरणात त्याच सहावरून तिने हंगामासाठी किती गोदाम लागेल, याचा अंदाज बांधला होता. तो गरजेच्या जवळजवळ निम्माच होता.

प्रत्यक्ष मापांची साधी सरासरी तिने काढलेली होती. ती अकरा पूर्णांक दोन आली होती. बाजारातला मापाडी शंकरप्पा तर पावत्या न बघताच म्हणाला होता, "ताई, एक गाडी धरा धा-अकराची." एवढी तफावत बघून तिने प्रबंधात एक ओळ घातली होती: 'हा फरक काही मोठ्या शेतकऱ्यांच्या असाधारण आवकेमुळे संभवतो.' त्या ओळीवर सात वर्षांत कोणीही बोट ठेवले नव्हते.

बुधवारी ती मार्गदर्शक वैजनाथ बिराजदार सरांच्या खोलीत गेली. सरांनी तक्ता पाहिला, कागदावर दोन ओळी मांडल्या आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे मी चार वेळा वाचलंय," ते म्हणाले. "चार वेळा."

"हाव सर."

"दोघांचे अहवाल चांगले आलेत, पंचशीला. उद्या तुला कोणी हे विचारणार न्हाई. विचारलंच, तर मध्यक म्हणायचं होतं, टंकलेखनात सरासरी झालं, असं सांग."

"गोदामाचा अंदाज सरासरीवर उभा आहे, सर. मध्यकाला खेपांच्या संख्येनं गुणलं, तर एकूण माल येत नाही."

सरांनी चष्मा पुन्हा चढवला. नंतर त्यांनी विचारले, "लातूरचा कॉल आला ना तुला?"

"आला."

"मग उद्या तोंड मिटून बस, बाई. डिग्री हातात पडू दे. दुरुस्ती शोधनिबंधात करू. मीच लिहितो तुझ्यासोबत."

तिने मान हलवली. ती होकाराची होती की नाही, हे तिलाही ठाऊक नव्हते. गाडीत खिडकीशी बसून ती मुदखेडला परतली. राग आला पाहिजे, भीती वाटली पाहिजे, असे तिच्या मनात येत होते, पण आत काहीच हलले नाही.

गुरुवारी विभागात वीस-पंचवीस माणसे जमली. दोन बहिःस्थ परीक्षकांपैकी गुरुपादप्पा सर राज्याच्या सीमेपलीकडून पहाटे निघून आले होते. पंचशीलाने सादरीकरण सुरू केले. पहिली तीन प्रकरणे नीट पार पडली. तक्ता चार-तीन पडद्यावर आला. तिने तोंड उघडले. 'सरासरी' हा शब्द उच्चारायचा होता, आणि परवा फळ्यावर तिनेच त्या शब्दाची किंमत लिहिली होती.

"हा आकडा चूक आहे," ती म्हणाली. "हा मध्यक आहे. टीच्या जागी एक ठेवून सरासरी काढली, तर अकरा पूर्णांक शून्य आठ येते. पाचवं प्रकरण या चुकीवर उभं आहे."

बिराजदार सर खाली पाहत राहिले. गुरुपादप्पांनी प्रबंध उघडला, तफावतीबद्दलची ती ओळ शोधली आणि मोठ्याने वाचली.

"असाधारण आवक," ते म्हणाले. "हे मीही वाचून पुढं गेलो." मग त्यांनी विचारले, "तुम्हाला कधी कळलं?"

"परवा. वर्गात."

"शिकवताना?"

"हो."

"आणि लिहिताना नाही."

"नाही, सर."

त्यांनी तिला बाहेर थांबायला सांगितले. अर्ध्या तासाने निर्णय आला. वितरणाचे काम योग्य ठरले. चौथे-पाचवे प्रकरण सुधारून सहा महिन्यांच्या आत प्रबंध पुन्हा सादर करायचा. लातूरच्या मुलाखतीपर्यंत पदवी मिळणार नव्हती.

मौखिक परीक्षेनंतरचे जेवण उमेदवाराने द्यायचे, असा विभागाचा रिवाज. पुरी-भाजी, मठ्ठा आणि बालूशाही सकाळीच येऊन पडली होती. अभिनंदन करावे की सांत्वन, हे कोणाला उमजेना. शेवटी एका सहकाऱ्याने ताट उचलले, आणि मग सगळ्यांनीच उचलली. पंचशीलाने गुरुपादप्पांना वाढले, बिराजदार सरांना वाढले. सरांनी तिच्याकडे न बघता अर्धी बालूशाही परत ठेवली.

"तुम्हीपण बसा मॅडम," कोणीतरी म्हणाले. ती बसली. पुरी गार झाली होती. तिने ती तोडली, भाजीला लावली आणि खाल्ली, मग दुसरी घेतली. समोरच्या भिंतीवर दिनदर्शिका होती. मुलाखतीची तारीख मंगळवारची होती, आणि मंगळवारी तिचे दोन तास असत; ते आता चुकणार नव्हते.